गर्दीच्या पानावर उत्तर कोणतं, कच्चं काम कोणतं आणि काट कशावर मारली आहे: गणिताची उत्तरपत्रिका तपासताना

अडचण अशी दिसते. एकच उत्तर दोन परीक्षकांनी तपासलं, एकाने ४ पैकी ४ गुण दिले आणि दुसऱ्याने २. गुणदान योजना दोघांकडे तीच होती, गणितही दोघांना येतं. पान पुन्हा काढून पाहिलं की कळतं, दोघांनी दोन वेगळी उत्तरं तपासली आहेत. एकाने समासातल्या ओळी उत्तरात धरल्या, दुसऱ्याने धरल्या नाहीत. एकाला एक तिरकी रेघ तीन ओळी खोडणारी वाटली, दुसऱ्याला पाच ओळी. गुण देण्याआधीच, पान वाचताना फरक पडला होता.

अशी पानं परीक्षेच्या शेवटच्या प्रश्नांत आणि जागा संपत आलेल्या उत्तरपत्रिकांत जास्त सापडतात. म्हणून पान स्वच्छ नसल्याबद्दल मनात राग धरून तपासण्यात अर्थ नाही. योजनेत नीटनेटकेपणाला वेगळा गुण नसेल, तर गिचमिड पानाचे गुण गिचमिडीपायी कापता येत नाहीत. नेमकं काय तपासायचं आणि काय सोडायचं, एवढंच ठरवायचं असतं.

चूक कुठे होते

चूक वाचण्याच्या दिशेत होते. परीक्षक पान वरून खाली वाचतो, पण गर्दीच्या पानावर विद्यार्थी त्या क्रमाने लिहीत नाही. आधी मधोमध लिहितो, अडला की समासात बेरीज-गुणाकार करून पाहतो, चूक लक्षात आली की आधीच्याच ओळीवर दुरुस्ती करतो, खालची जागा संपली की बाण काढून वर कोपऱ्यात जातो. त्यामुळे पानावर जी ओळ आधी दिसते ती आधी लिहिलेली असेलच असं नाही. वरून खाली वाचलं की टाकून दिलेला प्रयत्न आणि खरं उत्तर एकाच दमात डोळ्यांसमोर येतं. मग परीक्षक "दोन उत्तरं दिली आहेत" असं म्हणून थांबतो, किंवा नकळत दोन्हींतल्या चांगल्या ओळी वेचून गुण देतो. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती उदारपणासारखी दिसते आणि कुणी पकडत नाही.

उपाय उलट दिशेने वाचण्याचा आहे. आधी शेवटचं उत्तर शोधायचं: चौकटीत असेल, खाली दोन रेघा मारलेलं असेल, "म्हणून" किंवा "उत्तर" असं लिहून पुढे असेल, किंवा एककासह लिहिलेली एकमेव ओळ असेल. मग त्या ओळीला विचारायचं, ही कुठून आली? जिच्यातून आली ती ओळ सापडली की तिलाही तेच विचारायचं. असं करत दिलेल्या माहितीपर्यंत पोचलात की उत्तराची साखळी हाती लागते. साखळीत नसलेल्या ओळी एकतर कच्चं काम असतात, नाहीतर सोडून दिलेला प्रयत्न. कोणती रेघ काय खोडते, हा प्रश्न त्यानंतर हाताळायचा. आधी रेघा बघत बसलात तर साखळी सापडत नाही. साखळी हातात असली की बहुतेक रेघांचा अर्थ आपोआप लागतो.

या पहिल्या वाचनात लाल पेन हातात घेऊ नका. एकदा बरोबरची खूण उमटली की ती ओळ उत्तरातलीच आहे, असं आपल्यालाच वाटू लागतं.

एक पान, ओळीओळीने

प्रश्न ४ गुणांचा आहे. एका आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ सेमीने जास्त आहे, कर्ण १३ सेमी आहे, तर लांबी व रुंदी काढा. योजना अशी धरू: योग्य समीकरणाला १ गुण, ते x² + 7x − 60 = 0 या रूपात आणण्याला १, दोन्ही मुळांना १, आणि ऋण मूळ नाकारून लांबी-रुंदी एककासह लिहिण्याला १.

पानाच्या मुख्य भागात वरून खाली या ओळी आहेत:

```
1)  x² + (x + 7)² = 169
2)  x² + x² + 49 = 169
3)  2x² = 120
4)  x² = 60
5)  2x² + 14x + 49 = 169
6)  2x² + 14x − 120 = 0
7)  x² + 7x − 120 = 0
```

पहिल्या ओळीतल्या 169 पासून एक लांब तिरकी रेघ निघते, ओळी 2, 3 आणि 4 कापत डावीकडे उतरते, आणि तिचं शेपूट पाचव्या ओळीतल्या 2x² वर टेकतं. सातव्या ओळीत 120 वर एक आखूड काट आहे आणि डोक्यावर बारीक अक्षरात 60 लिहिलंय. तिथे मुख्य भागातली जागा संपते, खाली पुढचा प्रश्न सुरू होतो. उजव्या समासात हे सगळं एकमेकांत घुसलेलं आहे:

```
169 − 49 = 120
15 × 8 = 120     15 − 8 = 7
(x + 15)(x − 8) = 0
12 × 5 = 60      12 − 5 = 7
(x + 12)(x − 5) = 0
x = −12,  x = 5
```

यातल्या −12 वर आडवी काट आहे, दुसऱ्या कशावरही नाही. समासाच्या तळाशी चौकटीत "रुंदी 5 सेमी, लांबी 12 सेमी" असं लिहिलेलं आहे.

वरून खाली वाचणारा इथे तीन ठिकाणी अडखळतो. पहिली ओळ रेघेला लागलेली, म्हणून तो समीकरणाचा गुण देत नाही. समासात दोन अवयव-जोड्या, दोन्ही न खोडलेल्या, म्हणून "दोन उत्तरं" असं ठरवतो. आणि −12 खोडलेलं, म्हणून एकच मूळ मिळालं असं धरून तिसरा गुणही कापतो.

आता चौकटीपासून उलटे चला. रुंदी 5 कुठून आली? x = 5 मधून. ते (x + 12)(x − 5) = 0 मधून. हे अवयव कशाचे? गुणाकार −60 आणि x चा सहगुणक 7, म्हणजे x² + 7x − 60 = 0 चे, म्हणजे दुरुस्तीनंतरच्या सातव्या ओळीचे. सातवी ओळ सहावीला 2 ने भागून आली, सहावी पाचवीतून. आणि पाचवी? तिच्यात 14x आहे. हे पद ओळी 2, 3, 4 मध्ये कुठेच नाही. ते फक्त पहिल्या ओळीतला वर्ग नीट उलगडल्यावरच येऊ शकतं. म्हणजे साखळी पाचवीवरून थेट पहिलीवर उडी मारते.

ओळी 2 ते 4 बाहेर पडल्या. विद्यार्थ्याने (x + 7)² चा विस्तार x² + 49 असा केला, x² = 60 वर पोचल्यावर चूक ओळखली, ते तीन ओळींचं काम सोडलं आणि पहिल्याच ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. पहिली ओळ पुन्हा लिहिण्याची त्याला गरज वाटली नाही. ती त्याच्या दृष्टीने पानावर होतीच.

(x + 15)(x − 8) चाही उलगडा होतो. 15 × 8 = 120 आणि 15 − 8 = 7, म्हणजे हे x² + 7x − 120 चे अवयव आहेत. सहाव्या ओळीला 2 ने भागताना शेवटचं पद भागायचं राहिलं होतं, त्या अवस्थेत ही जोडी सापडली. पुढे 120 चं 60 झालं तेव्हा ही जोडी मेली, पण विद्यार्थ्याने तिच्यावर काट मारली नाही. ज्या ओळीतून ती निघाली तीच दुरुस्त झाली आहे, आणि तिच्यातून पुढे काहीही निघालेलं नाही. x = 8 असं पानावर कुठेही नाही. म्हणून ते कच्चं काम, दुसरं उत्तर नव्हे.

या पानाला पूर्ण ४ गुण मिळतात.

एकाच पानावर तीन काटा, तिन्हींचे अर्थ वेगळे

याच पानावर तीन काटा आहेत, आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा आहे.

लांब तिरकी रेघ म्हणजे सोडून दिलेला प्रयत्न. अशी रेघ हात उचलून एका झटक्यात मारलेली असते, त्यामुळे तिची दोन्ही टोकं हवी त्यापेक्षा पुढे जातात. ती नेमकी कुठपर्यंत खोडते हे टोकांवरून ठरवू नका. रेघ ज्या ओळींच्या मधून आरपार जाते त्या खोडलेल्या धरा, आणि जिला नुसतं टोक लागलंय तिच्याबद्दल साखळीला विचारा. पहिली आणि पाचवी ओळ दोन्ही साखळीत आहेत, म्हणून त्या जिवंत आहेत. या पानावर पहिली ओळ खोडलेली धरली तरी समीकरणाचा गुण जात नाही, कारण पाचवी ओळ म्हणजे तेच समीकरण विस्तारून लिहिलेलं आहे. मात्र पाचवी ओळ 2x² + 14x − 120 = 0 अशीच एकदम लिहिलेली असती आणि योजनेला समीकरण स्पष्ट हवं असतं, तर पहिल्या ओळीचा निर्णय गुण ठरवणारा झाला असता.

120 वरची आखूड काट म्हणजे दुरुस्ती. इथे खोडलेली गोष्ट एकटी नसते. तिच्या डोक्यावर, शेजारी किंवा काकपदाच्या खुणेने जोडलेली नवी गोष्ट असते. अशा वेळी जुनी किंमत नसल्यासारखी धरायची आणि ओळ नव्या किमतीसह वाचायची. उशिरा केलेल्या दुरुस्तीला कमी गुण द्यायचे, अशी सवय काहींना असते. योजनेत तिला आधार नसतो.

काही वेळा काट नसते, आकड्यावरच आकडा गिरवलेला असतो. 3 वर 8, 1 वर 7, 0 वर 6. दोन्ही वाचता येत असतील तर पुढची ओळ पाहा: पुढे कोणत्या किमतीने काम झालं? ती किंमत विद्यार्थ्याला अभिप्रेत होती. पुढची ओळच नसेल, म्हणजे गिरवलेला आकडा हेच शेवटचं उत्तर असेल, आणि कोणता आकडा ते खरोखर कळत नसेल, तर आपल्या सोयीचा आकडा वाचायचा नाही. ते उत्तर संदिग्ध धरून योजनेप्रमाणे किंवा नियामकाला विचारून ठरवावं लागतं.

−12 वरची काट म्हणजे नाकारणं. वर्गसमीकरणात, समीकरणाला दोन्ही बाजूंनी वर्ग केल्यावर, लॉगरिदमच्या उदाहरणात, जिथे जिथे एखादं मूळ तपासून टाकावं लागतं तिथे विद्यार्थी शब्दांत न लिहिता त्यावर काट मारतात. हे खोडणं नव्हे, ही उत्तरातली एक पायरी आहे. म्हणून मुळांचा गुण दोन्ही मुळांना मिळतो, आणि काट हा नाकारल्याचा पुरावा ठरतो. मात्र "रुंदी ऋण नसते" असं कारण शब्दांत लिहायलाच हवं, अशी अट योजनेत असेल, तर नुसती काट पुरत नाही. तपासणी सुरू होण्याआधी हे विचारून घेतलेलं बरं, कारण शंभर पानांवर ही काट सापडेल.

चौथ्या प्रकारच्या रेघा या पानावर नाहीत, पण त्या फार फसवतात. अपूर्णांकाचा संक्षेप करताना वर-खाली मारलेल्या छोट्या तिरक्या रेघा, किंवा समीकरणाच्या दोन बाजूंची सारखी पदं उडवताना मारलेल्या रेघा खाडाखोड नसतात. त्यांची ओळख सोपी आहे: त्या जोडीने येतात, अंशातल्या एका संख्येवर आणि छेदातल्या एका संख्येवर, आणि शेजारी बहुतेकदा उरलेला भागाकार लिहिलेला असतो. घाईत पाहिलं तर अख्खी ओळ रद्द केल्यासारखी दिसते.

समासातलं कच्चं काम केव्हा धरायचं

"कच्चं काम तपासायचं नाही" हा नियम ऐकायला स्पष्ट आहे, पण वरच्या पानावर शब्दशः लावला तर अवयव, मुळं आणि अंतिम उत्तर, तिन्ही बाहेर जातात, कारण ती समासात आहेत. ओळ समासात आहे म्हणून ती कच्ची होत नाही. साखळीत आहे की नाही, यावर ते ठरतं. विद्यार्थ्याने स्वतः "कच्चं काम" असं शीर्षक देऊन रेघ आखली असेल, तर तो भाग बाहेर ठेवायचा, आणि तिथेसुद्धा मुख्य उत्तरातून तिकडे बाण असेल तर बाणाचा मान राखायचा.

उलट बाजूही लक्षात असू द्या. 169 − 49 = 120 किंवा 12 × 5 = 60 या ओळी बरोबर आहेत, पण त्यांना स्वतंत्र गुण नाहीत. त्या साखळीतल्या पायरीला टेकू देतात, एवढंच. आणि कच्च्या कामात चूक दिसली, पण ती मुख्य उत्तरात उतरलेली नसेल, तर तिच्यासाठी गुण कापायचे नाहीत.

नेहमी वाद होतो तो उतरवून घेताना झालेल्या चुकीवर. समासात 12 × 5 = 60 बरोबर आहे आणि मुख्य ओळीत 60 ऐवजी 6 उतरवलंय. इथे तपासायची ती मुख्य ओळ. पद्धत बरोबर असल्याने पद्धतीचे गुण राहतात, अचूकतेचा गुण जातो. पुढच्या ओळी चुकीच्या किमतीने, पण योग्य रीतीने नेल्या असतील तर त्यांना किती द्यायचे, हे योजनेतल्या पुढे नेलेल्या चुकीच्या नियमावर अवलंबून आहे. "त्याला येत होतं, समासात दिसतंय" म्हणून अचूकतेचा गुण परत देणं म्हणजे पुन्हा दोन ठिकाणच्या ओळी वेचणं.

साखळी सापडत नाही तेव्हा

वरच्या पानावरची चौकट आणि x च्या किमतींची ओळ काढून टाकली, तर न खोडलेल्या दोन अवयव-जोड्या उरतात. तरी दुरुस्त केलेल्या सातव्या ओळीमुळे निर्णय लागतो. पण तीच दुरुस्ती नसती आणि एकाच प्रश्नाचे दोन पूर्ण, न खोडलेले प्रयत्न दोन वेगळ्या उत्तरांना पोचले असते, तर उलटं चालूनही हाती दोन साखळ्या येतात. अशा वेळी अंदाज करायचा नाही, योजनेतलं कलम शोधायचं. कलमं वेगवेगळी असतात: कुठे शेवटचा पूर्ण प्रयत्न तपासतात, कुठे पहिला, कुठे सगळे तपासून सर्वाधिक गुणांचा एक प्रयत्न धरतात. कोणतंही असो, गुण एकाच प्रयत्नाचे. पहिल्यातलं समीकरण आणि दुसऱ्यातली मुळं अशी मोट बांधायची नाही. फक्त एक ओळ दोन्ही प्रयत्नांची सामाईक सुरुवात असेल, जशी इथे पहिली ओळ आहे, तर ती दोन्हींची धरता येते.

खोडलेल्या कामाचे दोन प्रकार मात्र वेगळे ठेवा. विद्यार्थ्याने सगळं खोडलं आणि दुसरं काहीच लिहिलं नाही, तर अनेक योजना ते वाचता येत असल्यास तपासायला सांगतात. त्याने खोडून त्याऐवजी दुसरं उत्तर लिहिलं असेल, तर सहसा नवं उत्तर तपासायचं, जुनं बरोबर आणि नवं चूक असलं तरी. हा दुसरा निर्णय जिवावर येतो. पण बदललेला विचार आपण परत बदलून देऊ शकत नाही.

पडद्यावर तपासत असाल तर

स्कॅन केलेल्या पानावर आणखी घोळ होतात. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये पेन्सिलीची फिकी काट पुसट होते किंवा पूर्णच नाहीशी होते, आणि खोडलेली ओळ शाबूत दिसते. न खोडलेले दोन प्रयत्न दिसले आणि त्यातला एक मध्येच तुटलेला असेल, तर पान मोठं करून पाहा आणि जमत असेल तर मूळ उत्तरपत्रिका किंवा रंगीत प्रत मागवा.

उलट प्रकारही होतो. पातळ कागदावर मागच्या पानावरची जाड रेघ पुढे उमटते आणि काट वाटते. ओळखण्यासाठी मागचं पान उघडा. मागे जी रेघ उजव्या कडेपासून ३ सेमीवर आहे ती पुढे डाव्या कडेपासून ३ सेमीवर उमटते, आणि तिचा कल आरशातल्यासारखा उलटा असतो. जागा आणि कल दोन्ही जुळले तर ती काट नाही. शिवाय उमटलेली रेघ सहसा अक्षरांपेक्षा फिकी असते, तर खरी काट त्याच शाईची आणि त्याच जाडीची.

पानाच्या अगदी कडेला लिहिलेलं स्कॅनमध्ये कापलं जातं. ओळ मध्येच संपली आणि पुढे बाण बाहेर गेलेला दिसला, तर पुरवणी आणि पुढची पानं पाहिल्याशिवाय प्रश्न बंद करू नका.

खुणा कशा करायच्या

साखळी ठरल्यावरच पेन उचला. बरोबरच्या खुणा फक्त साखळीतल्या ओळींवर करा, आणि प्रत्येक खूण ज्या ओळीला गुण मिळाला त्याच ओळीपाशी. या पानावर त्या पहिल्या ओळीपाशी, दुरुस्त केलेल्या सातव्या ओळीपाशी, मुळांच्या ओळीपाशी आणि चौकटीपाशी येतील. सोडलेल्या भागाला एक उभा महिरपी कंस करून "पाहिलं" अशी ठरलेली खूण करा, म्हणजे तो भाग नजरेतून सुटला असं फेरतपासणीत वाटणार नाही. खोडलेलं पूर्ण पान असलं तरी त्यावर ही खूण हवी.

निर्णय घ्यावा लागला असेल तर एका ओळीत लिहून ठेवा: "उत्तर समासातल्या चौकटीतलं, (x + 15)(x − 8) हे 120 च्या दुरुस्तीआधीचं." नियामक पान पाहील तेव्हा त्याला साखळी पुन्हा शोधावी लागत नाही, आणि तो असहमत असला तर नेमका कशाशी, हे लगेच कळतं.